गळ्यातला रुमाल शब्दांत कसा उतरवावा: घडी, गाठ आणि जागा

‘गळ्यात रंगीत स्कार्फ बांधला आहे.’ संग्रहालयाच्या नोंदवहीत, जुन्या फोटोंच्या सूचीत, नाटकाच्या वेशभूषेच्या टिपणात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर हे वाक्य हमखास भेटतं. वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. त्रिकोण छातीवर आहे की पाठीवर? गाठ कंठाशी आहे की कानाखाली? टोकं मोकळी लोंबताहेत की शर्टात खोचली आहेत? नाटकाच्या पुढच्या प्रयोगाला हाच रुमाल पुन्हा तसाच बांधायचा असेल, तर हे टिपण हाताशी असून नसल्यासारखं.

बंडाना, क्रॅव्हॅट, नेकरचीफ आणि रेशमी चौकोन या चारही वस्तू पसरल्या की साधी कापडं असतात. त्यांना रूप मिळतं ते बांधल्यावर. म्हणून वर्णन बांधण्याचं करायचं, आणि त्याची कसोटी एकच ठेवायची: फोटो न पाहिलेल्या माणसाच्या हातात तेवढंच कापड दिलं, तर निव्वळ तुमचं टिपण वाचून त्याला ते तसंच बांधता आलं पाहिजे.

त्यासाठी नाव सगळ्यात शेवटी लिहा. क्रॅव्हॅट हाच शब्द घ्या. सतराव्या शतकात फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातल्या कापडावरून जी लाट आली, तिच्यातलं लांबलचक मलमलीचं कापड म्हणजे क्रॅव्हॅट. आजच्या इंग्लंडमध्ये उघड्या कॉलरच्या आत खोचायचा शिवलेला रेशमी पट्टा म्हणजे क्रॅव्हॅट. अमेरिकेतल्या प्रथमोपचाराच्या वर्गात त्रिकोणी पट्टीची लांबट घडी घातली की तीही क्रॅव्हॅट. एकाच नावाखाली तीन निराळ्या गोष्टी येत असतील, तर नुसतं नाव लिहून वाचकाला काय कळणार?

मी नोंद करताना हात ज्या क्रमाने चालतात तोच क्रम धरते: कापड, घडी, गळ्याभोवतीचा मार्ग, गाठ, टोकं, आणि शेवटी अंगावरची जागा. हा क्रम मोडला की काहीतरी सुटतंच, आणि बहुतेक वेळा सुटते ती घडी.

आधी कापड: आकार आणि कडा

साधा सुती बंडाना बाजूला साधारण ५५ सेंटिमीटरचा चौकोन असतो. त्याचं मूळ अठराव्या शतकात बंगालमधून ईस्ट इंडिया कंपनीमार्फत बाहेर गेलेल्या, ठिपके बांधून रंगवलेल्या रेशमी रुमालांत आहे. आज मात्र तो बहुधा छापील सुती असतो आणि त्याच्या कडेला मशीनची सपाट शिवण असते. रेशमी चौकोनाचं सर्वांत ओळखीचं माप ९० सेंटिमीटर. पॅरिसच्या एर्मेस या घराण्याने १९३७ साली आपला पहिला रेशमी चौकोन काढला आणि ९० सेंटिमीटरचं माप पुढे जगभर रुळलं. अशा चौकोनाची कडा हाताने गुंडाळून टाचलेली असते, त्यामुळे कडेला बारीक, फुगीर दोरीसारखी वळकटी दिसते. फोटोत कापडाच्या कडेवर सावलीची बारीक रेघ दिसली, तर ती बहुधा हीच वळकटी असते.

शिवलेला क्रॅव्हॅट हा चौकोन नव्हेच. त्याची दोन्ही टोकं रुंद आणि टोकदार असतात, आणि मानेमागे येणारा मधला भाग चुण्या घालून, शिवून अरुंद केलेला असतो. या पक्क्या चुण्यांवरून तो ओळखू येतो. त्या समांतर असतात आणि कापड हललं तरी मोडत नाहीत. चौकोन हाताने दुमडून बांधला असेल, तर मानेच्या बाजूला घड्या एकमेकींवर सरकलेल्या दिसतात.

इथे थोडं गणित फार कामी येतं. चौकोन कर्णावर दुमडला की हाताशी येणारी लांबी कर्णाएवढी असते. ५५ च्या बंडानाचा कर्ण सुमारे ७८ सेंटिमीटर, ७० च्या चौकोनाचा ९९, आणि ९० च्या चौकोनाचा १२७. मानेचा घेर ३८ धरला, तर बंडाना एक वेढा घेऊन दोन्हीकडे वीस-वीस सेंटिमीटर उरतो, आणि त्यातलं बरंच गाठीत जातं. म्हणजे साध्या बंडानाचे मानेभोवती दोन वेढे आणि वर गाठ, हे होणारच नाही. कुणी तसं लिहिलं असेल, तर कापड मोठं आहे किंवा वेढे नीट मोजलेले नाहीत. ९० चा चौकोन दोन वेढे घेऊनही गाठीपुरता उरतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे गुराखी थंडीत मोठा रेशमी रुमाल मानेभोवती दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारतात, ते याच हिशेबावर.

घडी: टोकं बघा, ती सांगतात

घडीचं वर्णन करताना माणसं ‘नीट दुमडलेला’ लिहून मोकळी होतात. खरं तर घडीबद्दलची जवळपास सगळी माहिती टोकांच्या आकारात असते, आणि टोकं बहुधा दिसतात.

टोक निमुळतं असेल, तर कापड कर्णावर दुमडलेलं आहे. टोक बोथट, आडवं कापल्यासारखं असेल, तर ते वहीसारखं सरळ बाजूला बाजू लावून दुमडलेलं आहे. फरक फक्त दिसण्याचा नाही. कर्णावर दुमडलेलं कापड विणीला तिरकं पडतं, म्हणून ते थोडं ताणलं जातं आणि मानेवर मऊ बसतं. सरळ घडीची पट्टी ताणली जात नाही. ती थोडी कडक राहते, कडेला उभी राहते, आणि ९० च्या चौकोनाला लांबीही ९० च मिळते. कर्णाची लांबी मिळत नाही.

कर्णावरच्या घडीतही दोन रीती आहेत. पहिली, आधी त्रिकोण करून मग त्याचं शिखर पायाकडे दुमडत किंवा गुंडाळत नेणं. दुसरी, समोरासमोरचे दोन कोपरे मध्यावर आणून भेटवणं आणि मग दोन्ही बाजू आत आत घेत जाणं. ओळखायचं कसं? पहिल्या रीतीत टोकाच्या एका बाजूला नुसती मोड असते, तिथे शिवण नसते, आणि दुसऱ्या बाजूला दोन शिवणकडा एकीवर एक येतात. दुसऱ्या रीतीत टोक दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. टोक फोटोत उलगडलं असेल, तर हे कळणार नाही. मग ‘कर्णावर दुमडलेली पट्टी’ एवढंच लिहा आणि पुढे जा.

पट्टीची रुंदी दुमडींच्या संख्येवर ठरते, म्हणून दोन्ही लिहावीत. प्रथमोपचाराच्या वर्गात त्रिकोणी पट्टीची रुंद घडी आणि अरुंद घडी शिकवतात, तोच मार्ग इथे चालतो: शिखर पायाच्या मध्यावर आणा, मग त्याच दिशेने आणखी एकदा दुमडा, ही रुंद घडी. ती पुन्हा एकदा अर्धी केली की अरुंद. ९० च्या चौकोनाच्या त्रिकोणाची उंची सुमारे ६४ सेंटिमीटर भरते. ती अर्धी अर्धी करत गेलं की ३२, मग १६, मग ८. म्हणून ‘तीनदा दुमडून सुमारे आठ सेंटिमीटरची पट्टी’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते. बंडानाचा त्रिकोण ३९ च्या आसपास उंच, म्हणून तेवढ्याच दुमडींत त्याची पट्टी पाचेक सेंटिमीटरची होते.

दुमडणं, गुंडाळणं आणि पीळ देणं यांत गल्लत होऊ देऊ नका. दुमडलेल्या पट्टीला सपाट पाठ आणि धारदार कडा असते. गुंडाळलेली पट्टी गोलसर, नळीसारखी दिसते. स्काउटचा स्कार्फ त्रिकोणाच्या लांब बाजूकडून शिखराकडे असाच गुंडाळत आणतात आणि पाठीवर पडायला थोडा त्रिकोण मोकळा सोडतात. पीळ दिलेल्या कापडावर नक्षीचे पट्टे तिरके, जिन्याच्या कठड्यासारखे चढत जातात. आणि निरी घातलेली पट्टी, म्हणजे पुढे-मागे पंख्यासारखी दुमडलेली, गळ्यापाशी चार-पाच समांतर रेघा दाखवते आणि टोकाशी पंख्यासारखी उघडते. लिहिताना ‘निऱ्या’ शब्द फक्त याच रचनेसाठी राखून ठेवा. गळ्याशी आपोआप पडलेल्या वळ्यांना चुण्या किंवा सुरकुत्या म्हणा. माणसाने मुद्दाम घातलेलं काय आणि कापडाने स्वतः घेतलेलं काय, हे वाचकाला वेगळं कळलं पाहिजे.

त्रिकोण अजिबात न गुंडाळता तसाच घातला असेल, तर तो कुठे पडतो हे घडीतच नोंदवा. घोड्यावरच्या गुराख्यांच्या जुन्या रीतीत त्रिकोण छातीवर आणि गाठ मानेमागे असते, म्हणजे धूळ उडाली की तोच त्रिकोण नाकावर ओढता येतो. स्काउटच्या स्कार्फचा त्रिकोण पाठीवर आणि टोकं पुढे. दोन्हींना ‘त्रिकोणी रुमाल’ म्हणता येतं, पण समोरून पाहिलं की चित्र अगदी उलटं दिसतं.

गाठ: दोन टोकं कुठे जातात ते शोधा

गाठीचं नाव आठवायच्या आधी प्रत्येक टोक कुठून येतं आणि कुठे जातं ते बोटाने फोटोवर काढून पाहा.

रीफ नॉट, म्हणजे उजवं टोक डाव्यावरून घेऊन पहिली अर्धी गाठ आणि मग डावं टोक उजव्यावरून घेऊन दुसरी. या गाठीत डावीकडून आलेलं टोक डावीकडेच परत निघतं आणि उजवीकडचं उजवीकडे. त्यामुळे गाठ सपाट बसते आणि टोकं मानेच्या रेषेत आडवी पसरतात. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली की जी गाठ होते, तिची टोकं पट्टीला काटकोनात वळतात, एक वर आणि एक खाली, आणि गाठ थोडी तिरकी बसते. लहानशा फोटोतही टोकांच्या दिशेवरून हा फरक बऱ्याचदा कळतो. वेशभूषेच्या टिपणात तो लिहायलाच हवा. पहिल्या प्रयोगाला टोकं आडवी असली आणि दुसऱ्याला उभी, तर प्रेक्षकाला नेमकं काय बदललं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल.

एकच अर्धी गाठ असेल, तर एक टोक दुसऱ्यावरून पुढे येऊन खाली पडतं आणि खालचं टोक त्याच्यामागे लपतं. शिवलेला क्रॅव्हॅट शर्टाच्या आत बहुधा असाच बसतो. अशा वेळी ‘कोणतं टोक वर’ हे लिहायचं. वरचं टोक गळ्याच्या खळगीजवळ थोडं फुगवून मग खाली सोडलेलं असतं. फुगवटा असेल, तर तोही लिहा.

सुरगाठ आणि निरगाठ हे दोन शब्द मराठीत तयार आहेत, ते वापरावेत. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. फोटोत तिचा एक फासा फुगलेला दिसतो आणि त्याच्या बाजूला मोकळं टोक असतं. दोन्ही बाजूंना फासे असतील, तर बो. फासे किती, मोकळी टोकं किती, एवढं मोजलं तरी गाठीबद्दलचे निम्मे वाद मिटतात.

काही वेळा गाठच नसते. स्काउटच्या स्कार्फला दोन्ही टोकं ओवायचं वॉगल असतं, रेशमी चौकोनाला धातूची किंवा शिंगाची कडी असते, तर कधी पिन. गाठ दिसत नाही म्हणून तिची कल्पना करू नका. कडी असेल, तर तिची गळ्यापासूनची उंची लिहा, कारण कडी वर-खाली सरकते आणि सगळा आकार बदलतो.

गाठीशिवाय बांधण्याची एक जुनी तऱ्हा म्हणजे स्टीनकर्क. १६९२ च्या स्टीनकर्कच्या लढाईचं नाव तिला मिळालं. लांब मलमलीच्या क्रॅव्हॅटची टोकं सैलशी पिळून कोटाच्या काजात घुसवायची, एवढीच तिची खूण. जुन्या व्यक्तिचित्रांत गळ्यातलं कापड तिरकं जाऊन कोटाच्या काजात नाहीसं होताना दिसलं, तर गाठ शोधत बसू नका.

जागा: कुणाचं डावं?

जागेच्या नोंदीत सर्वांत जास्त गोंधळ डाव्या-उजव्याचा होतो. नेहमी ‘घालणाऱ्याच्या डावीकडे’ असंच पूर्ण लिहा. नुसतं ‘डावीकडे’ लिहिलं की कुणी पाहणाऱ्याची बाजू धरतो, कुणी घालणाऱ्याची. हा तपशील किरकोळ नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांमध्ये मागच्या खिशातला बंडाना कोणत्या बाजूला आहे यावर त्याचा अर्थ ठरत असे. बाजू चुकली की नोंद उलटा अर्थ सांगते.

फोटो उलटा छापलेला किंवा आरशातून काढलेला असू शकतो. शर्टाची बटणं पाहा. पुरुषांच्या शर्टात सहसा घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते, स्त्रियांच्या शर्टात बहुधा उलट. कुठे अक्षरं दिसत असतील, तर प्रश्नच मिटतो.

बाजूनंतर उंची. कंठमणी, गळ्याखालची खळगी, कॉलरबोन, कानाची पाळी, मानेमागची केसांची रेषा, ही अंगावरची ठिकाणं प्रत्येकाला सापडतात. ‘गाठ घालणाऱ्याच्या डाव्या कानाच्या खाली, जबड्याच्या कोनाशी’ असं लिहिलं, की बांधणाऱ्याचं बोट तिथेच जातं. कॉलर असेल, तर कापड तिच्या आत, वर की खाली? कॉलर उभी की पाडलेली? किती बटणं उघडी? रुमालाचं वर्णन करताना कॉलर सोडून चालत नाही. तिने झाकलेला भाग आपल्याला दिसतच नसतो.

डोक्यावरच्या बंडानालाही हीच पद्धत लागते, फक्त ठिकाणं बदलतात: पट्टी कपाळावर किती खाली, कान झाकलेले की मोकळे, गाठ मानेमागे, कपाळावर की हनुवटीखाली, आणि मागचा कोपरा गाठीच्या वर की गाठीखाली दाबलेला. या शेवटच्या गोष्टीने डोक्यामागचं रूप बरंच बदलतं, आणि ती सहज लिहायची राहून जाते.

एक जुनं वर्णन तपासून पाहू

१८१८ साली लंडनमध्ये ‘नेकक्लॉथिटानिया’ नावाची छोटी पुस्तिका निघाली. गळ्यातलं पांढरं, खळ घातलेलं कापड बांधण्याच्या तेव्हाच्या तऱ्हा तिच्यात दिल्या आहेत. त्यांतलं ‘मॅथेमॅटिकल’ बांधणीचं वर्णन आजही कामाचं आहे: प्रत्येक कानाखालून एक चुणी गाठीपर्यंत उतरते आणि तिसरी आडवी, एका बाजूच्या चुणीपासून दुसरीपर्यंत जाते. एका वाक्यात तीन रेघा, त्यांची सुरुवात आणि शेवट, सगळं अंगाच्या खुणांवर मांडलेलं. ते वाचून कुणालाही चित्र काढता येईल.

त्याच पुस्तिकेत एक बांधणी ‘महारत्ता’ नावाची आहे, म्हणजे मराठा. तिचा मजकूर साधारण असा: बारीक मलमल, म्हणून थंड राहते. कापड आधी मानेमागे ठेवायचं, टोकं पुढे आणून साखळीच्या कडीसारखी एकमेकांत अडकवायची, उरलेला भाग मागे वळवून मागेच बांधायचा.

आता आपला क्रम लावून बघू. कापड: मलमल, हे मिळालं, पण लांबी नाही. मार्ग: मागून पुढे आणि पुन्हा मागे, हा अगदी स्पष्ट. अडकवणीही नेमकी आहे. साखळीच्या कडीसारखं म्हणजे डावं टोक उजव्याला वळसा घालून पुन्हा डावीकडेच परततं, उजवं उजवीकडे. अर्धी गाठ मारली असती, तर टोकांनी बाजू बदलल्या असत्या. ‘कडी’ या एका शब्दाने ती शक्यता दूर होते. म्हणून समोर गाठ नाही, लोंबती टोकं नाहीत, गळ्याशी फक्त दोन वळ्यांचा एक गुंता आहे.

सुटलंय ते घडीत. पट्टी किती रुंद करायची, कर्णावर की सरळ, हे कळत नाही. मागे बांधायचं म्हणजे गाठ, पिन की टाके, तेही नाही. लांबी मात्र हिशेबाने काढता येते. पहिल्यांदा मागून पुढे येताना मानेचा एक घेर, पुन्हा मागे जाताना जवळपास दुसरा. ३८ दुणे ७६, त्यात कडीत जाणारे काही सेंटिमीटर आणि मागच्या गाठीसाठी दोन्ही टोकांना दहा-बारा. म्हणजे कापड मीटरभर तरी हवं, खरं तर थोडं जास्तच. नावावरून यातलं काहीच उमगलं नसतं, मार्गाच्या एका ओळीवरून बरंचसं उमगलं. आज कुणी ही बांधणी नाटकासाठी उभी करत असेल, तर त्याने घडी स्वतः ठरवावी आणि टिपणात ‘घडी आमची’ असं स्पष्ट लिहावं.

एका फोटोची पूर्ण नोंद

समजा, समोर एका बाईंचा कमरेपर्यंतचा फोटो आहे. पांढरा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, गळ्यात नक्षीचं रेशीम, गाठ एका बाजूला. आलेल्या नोंदीत लिहिलंय, ‘स्टायलिश बंडाना’.

पहिलं काम, माप. फोटोत मोजपट्टी नसते, पण शर्टाचं बटण असतं, आणि शर्टाचं साधं बटण सुमारे ११ मिलिमीटरचं असतं. गळ्यावरची पट्टी चार-पाच बटणांएवढी रुंद दिसते, म्हणजे पाचेक सेंटिमीटर. मोकळी टोकं प्रत्येकी बारा-तेरा बटणं, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर. ही मापं कॅमेऱ्याकडे सरळ असलेल्या भागावरच घ्या. तिरका गेलेला भाग आखूड दिसतो.

आता वेढे. गाठीच्या विरुद्ध बाजूला, घालणाऱ्याच्या उजव्या जबड्याखाली, पट्टीच्या दोन कडा एकमेकींवर दिसतात आणि मधे त्वचा नाही. दोन वेढे आहेत. ३३ सेंटिमीटरची मान धरली, तर पहिला वेढा सैलपणासकट ३८, दुसरा पहिल्यावरून जाणारा म्हणून ४० च्या आसपास. त्यात टोकांचे २८ आणि गाठीत गेलेले चौदा-पंधरा मिळवा. एकूण १२० च्या घरात जातं. ७० च्या चौकोनाचा कर्ण ९९, तो पुरणार नाही. ९० च्या चौकोनाचा १२७, तो बसतो. म्हणजे हा ५५ चा बंडाना असणं शक्य नाही. टोकाच्या कडेला फुगीर वळकटी दिसत असेल, तर हाताने गुंडाळलेल्या कडेचा रेशमी चौकोन म्हणायला हरकत नाही.

टोकं निमुळती, एका बाजूला मोड आणि दुसऱ्या बाजूला दोन कडा, म्हणजे त्रिकोण करून मग दुमडलेली पट्टी. त्रिकोणाची उंची ६४. तीनदा दुमडून ८ येते, चारदा दुमडून ४. दिसते ती पाच. दुमडी अर्ध्या अर्ध्या घातल्या नसतील, किंवा चार सेंटिमीटरची पट्टी मानेवर थोडी पसरली असेल. इथे अंदाज करायचा नाही, दिसलेली रुंदी लिहायची. टोकं खांद्याच्या रेषेत आडवी आहेत, एक पुढे आणि एक मागे, म्हणून रीफ नॉट. शर्टाची उजवी बाजू डावीवर आहे, म्हणजे तो स्त्रियांच्या शिवणीचा आणि फोटो सरळ, असं धरायला आधार आहे.

मग नोंद अशी होते:

‘रेशमी चौकोन, अंदाजे ९० सें.मी., कडा हाताने गुंडाळलेली. कर्णावर त्रिकोण करून सुमारे ५ सें.मी. रुंदीची सपाट पट्टी, पीळ नाही. मध्य गळ्यासमोर ठेवून टोकं मागे, तिथे ओलांडून पुन्हा पुढे. दोन वेढे, दुसरा पहिल्यावर. गाठ रीफ नॉट, सपाट, घालणारीच्या डाव्या जबड्याच्या कोनाखाली. दोन्ही टोकं मोकळी, सुमारे १४ सें.मी.; एक पुढे कॉलरबोनवर, दुसरं मागे खांद्याकडे. शर्टाची कॉलर पाडलेली, कापड कॉलरच्या आत, दोन बटणं उघडी. मानेमागची ओलांडणी फोटोत दिसत नाही, वेढ्यांच्या संख्येवरून आणि टोकांच्या सारख्या लांबीवरून धरली आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. दोन्ही टोकं डाव्या बाजूला येण्यासाठी मधली ओलांडणी मागे झाली असेल, किंवा चौकोन आधीच एका बाजूला जास्त ठेवून एकाच टोकाने दोन्ही वेढे घेतले असतील. दुसऱ्या प्रकारात टोकांच्या लांबीत थोडाफार फरक राहण्याचा संभव जास्त. इथे टोकं सारखी दिसतात, म्हणून पहिला प्रकार धरला. उद्या याच बैठकीचा पाठमोरा फोटो सापडला आणि ओलांडणी निराळी निघाली, तर नोंदीतलं नेमकं कोणतं वाक्य बदलायचं हे समोरच दिसेल.

टिपण पुरं झालं की ते फोटोशिवाय एखाद्या सहकाऱ्याकडे द्या, ९० चा एक साधा चौकोन द्या आणि न बोलता बघा. हात जिथे थांबेल, तिथला शब्द कमी पडतोय. आमच्याकडे बहुतेकांचा हात ‘मध्य गळ्यासमोर’ या शब्दांशी अडतो, कारण सवयीने कापड आधी मानेमागे ठेवलं जातं. म्हणून मी आता तिथे ‘मानेमागे नव्हे, गळ्यासमोर’ असं लिहिते.